वेट ग्राइंडर घेताना: डाळीचं माप, दगडाची पारख आणि सुटे भाग

आमच्या घरी इडली-डोशाचं पीठ आठवड्यातून दोनदा भिजतं, आणि बरीच वर्षं ते मिक्सरमध्येच वाटलं जायचं. तांदळाचं तिथे बरं निभतं. अडतं ते उडदाच्या डाळीचं. मिक्सरचं पातं प्रचंड वेगाने फिरतं, डाळ कापली जाते आणि भांडं बघता बघता गरम होतं. मग थांबा, गार पाणी घाला, पुन्हा फिरवा. एवढं करूनही वाटण जड राहतं. दगडाखाली मात्र डाळ हळूहळू रगडली जाते, थंड राहते आणि रगडता रगडता तिच्यात हवा शिरत जाते. ती हवा उडदाच्या चिकटपणात अडकून राहते आणि वाटण लोण्यासारखं हलकं होतं. इडलीची जाळी निम्मी इथेच ठरते, उरलेली आंबवण्यात. म्हणून वेट ग्राइंडर घ्यायचा हे नक्की झालं. प्रश्न होता कोणता.

दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, "किती लिटरचा दाखवू?" घरगुती टेबलटॉप ग्राइंडर साधारण सव्वा, दीड, दोन आणि तीन लिटरमध्ये मिळतात. घरात माणसं किती यावरून दुकानदार आकडा सांगून टाकतो. मला ते पटत नव्हतं, कारण हे लिटर ड्रमच्या मापाचे असतात आणि आपल्या हातात असते कोरडी डाळ. ती वाटल्यावर किती होणार हे कळल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

म्हणून आधी घरचं माप काढलं. आमचा नेहमीचा घाणा म्हणजे 600 ग्रॅम इडली तांदूळ आणि 150 ग्रॅम उडीद डाळ. कोरडी डाळ मापाच्या भांड्यात 200 मिलिलिटरच्या खालीच राहिली. ती घेऊन मी शेजारच्या वहिनींकडे गेले. त्या मूळच्या मदुराईच्या, घरात नऊ माणसं, त्यामुळे त्यांचा ग्राइंडर तीन लिटरचा. त्या म्हणाल्या, "एवढीशी डाळ? बघा हं, दगडाखाली येणारच नाही." आणि झालंही तसंच. थोडं वाटण झालं की ते ड्रमच्या कडेला फेकलं जायचं, कडेचा पट्टा, म्हणजे स्क्रेपर, त्यातलं थोडं परत आत लोटायचा, पण दगडांखाली पातळसा थरच उरायचा. अर्धवट दाणे कडेला बसून राहिले. प्लॅस्टिकच्या उलथन्याने सारखं आत ढकलावं लागलं आणि शेवटीही बोटांना रवाळ लागलं.

तीच डाळ पुढच्या खेपेला बहिणीच्या दोन लिटरच्या ग्राइंडरमध्ये घातली. तिथे दगड सुरुवातीपासून डाळीत बुडालेले होते. अर्ध्या तासाच्या आत वाटण तयार झालं आणि मापाच्या भांड्यात ओतलं तर जवळजवळ एक लिटर भरलं. म्हणजे कोरड्या डाळीच्या पाचपटीच्या आसपास. तांदूळ एवढे फुगत नाहीत. 600 ग्रॅम तांदळाचं वाटण लिटरच्या थोडंसं वर गेलं.

या दोन आकड्यांवरून माझा निर्णय झाला. डाळ आणि तांदूळ वेगवेगळे वाटले तर दोन लिटरमध्ये प्रत्येक घाणा निम्म्याच्या आसपास बसतो, उडायला-फुगायला जागा राहते. दोन्ही एकदम घातले तर ड्रम काठोकाठ भरेल आणि मधल्या दांड्यावरून वाटण वर चढेल. सणावारी पाहुणे आले की डाळ 250 ग्रॅमपर्यंत नेता येते, त्याच्या वर नाही. उलट सव्वा लिटरच्यात रोजचा घाणा जेमतेम मावला असता, पण वाढवायला वाव नव्हता. थोडक्यात, क्षमतेला वरची मर्यादा असते तशी खालचीही असते, आणि खालच्या मर्यादेबद्दल दुकानात कोणी बोलत नाही. "मोठा घेऊन ठेवा, पुढे उपयोगी पडेल" हा सल्ला ग्राइंडरच्या बाबतीत मला चुकीचाच वाटतो. आपल्या नेहमीच्या डाळीत दगड बुडणार नसतील तर तो ग्राइंडर रोज त्रास देतो. दोघांच्याच घरात 75-80 ग्रॅम डाळ वाटायची असेल, तर दोन लिटरचाही मोठाच पडेल.

वजनाचाही विचार करावा लागला. दोन लिटरचं यंत्र दगडांसकट दहा किलोच्या पुढे जातं. ते ओट्यावर एका जागी कायमचं राहणार, रोज फडताळातून काढणं होत नाही. त्यातला ड्रम, तळाला दगड बसवलेला असल्यामुळे, एकटाही चांगलाच जड असतो आणि वाटण काढायला तो उचलून पातेल्यावर तिरका करावा लागतो. सासूबाईंच्या मनगटाला ते झेपणार का हे त्यांनाच दुकानात रिकामा ड्रम उचलायला देऊन पाहिलं. त्यांना जमलं नसतं तर मी टिल्टिंग प्रकार घेतला असता. त्यात ड्रम जागच्या जागी कलंडतो. पण त्याची चौकट जास्त जागा खाते आणि सांध्यांत वाटण अडकतं, त्यामुळे गरज नसेल तर साधाच बरा. आमच्या ओट्यावरच्या कपाटाखाली ड्रम वर उचलून काढण्याइतकी उंची आहे का, तेही टेपने मोजून घेतलं होतं.

आता दगड. माझा सगळ्यात जास्त वेळ यातच गेला, आणि जायलाच हवा, कारण बाकी सगळं बदलता येतं पण खराब दगड म्हणजे रोजच्या पिठात कच.

रचना अशी असते. ड्रमच्या तळाला ग्रॅनाइटचा गोल दगड पक्का बसवलेला असतो. त्यावर मधल्या दांड्याला जोडलेले दोन किंवा तीन लाटेसारखे दगड टेकतात. मोटर ड्रम फिरवते, लाटे जागेवरच राहून स्वतःभोवती फिरतात, आणि वरची स्प्रिंग त्यांना खाली दाबून धरते. लाटे दोन प्रकारचे: सरळ दंडगोल, नाहीतर एका टोकाला निमुळते, शंकूसारखे. फरक असा की फिरणाऱ्या तळाची बाहेरची कड आतल्या भागापेक्षा जास्त वेगाने धावते. सरळ लाट्याचा वेग मात्र सगळीकडे एकच, म्हणून तो थोडा घसटत फिरतो. शंकूचा बाहेरचा घेर मोठा असल्यामुळे तो वेगाशी जुळवून घेतो आणि नुसता लोळतो. विक्रेते यावर खूप बोलतात. मी दोन्हींतलं वाटण बोटांत घेऊन पाहिलं आणि मला फरक सांगता आला नाही. मी दोन सरळ लाट्यांचा घेतला, कारण धुवायचे भाग कमी. तीन शंकूवाल्यांत वेळ थोडा वाचतो असं वहिनींचं म्हणणं आहे आणि त्यांच्या मोठ्या घाण्याला ते खरंही असेल.

दुकानातले काका सज्जन होते. मांडलेल्या नमुन्याऐवजी जो पीस मी घरी नेणार तोच खोका उघडून द्या, असं म्हटल्यावर त्यांनी कुरकुर केली नाही. हे मागणं प्रत्येकाने करावं. नमुना वेगळा, खोक्यातला वेगळा, आणि दगड हा दगड आहे, कुठले दोन सारखे नसतात.

पहिलं म्हणजे दगड ओले करून पाहिले. काकांकडून वाटीभर पाणी घेतलं आणि तळाच्या दगडावर आणि दोन्ही लाट्यांवर बोटांनी फिरवलं. कोरडा ग्रॅनाइट सगळा सारखाच राखाडी दिसतो. ओला झाला की त्याचे काळे-पांढरे कण उठून दिसतात, आणि कुठे खळगा लुकणाने बुजवलेला असेल तर तो डाग वेगळ्या रंगाचा उमटतो. त्यावर नख फिरवलं तर आजूबाजूला खरखर आणि मधेच गुळगुळीत लागतं. हे बुजवलेलं लुकण पुढे सुटून वाटणात येऊ शकतं. एका लाट्याच्या कडेला असा तांदळाएवढा डाग होता.

मग पृष्ठभागाची खरखर. घरच्या पाट्याला टाकी लावून आणली की कशी बोटांना टोचते, तशी हलकी सगळीकडे सारखी टाकी इथेही असायला हवी. अगदी चकचकीत दगड दिसायला छान, पण त्याखाली डाळ घसरते. लाट्याच्या कडा किंचित गोलसर हव्यात. धारदार कडेचे कण पहिल्या काही वाटणांत उडतात.

नंतर कागदाची परीक्षा, जी मला बहिणीच्या यंत्राची दुरुस्ती करायला आलेल्या कारागिराने शिकवली होती. लाटे बसवून वरचा स्क्रू आवळायचा. वर्तमानपत्राची बोटभर रुंद पट्टी लाट्याखाली सरकवायची आणि हलकेच ओढायची: आतल्या टोकाला, मध्ये, आणि बाहेरच्या टोकाला. तिन्ही ठिकाणी पट्टी धरून राहिली पाहिजे. पहिल्या खोक्यातल्या एका लाट्याखाली बाहेरच्या टोकाची पट्टी अलगद सुटून आली. म्हणजे तिथे दगड टेकतच नव्हता, आणि नेमकी तीच जागा जिथे वाटण फेकलं जाऊन जमतं. तिथली डाळ कायम रवाळ राहिली असती. काकांनी स्वतः ओढून पाहिलं, मान हलवली आणि दुसरा खोका काढला. त्यात पट्टी सगळीकडे पकडली गेली आणि ओल्या दगडावर डागही नव्हते. तोच घेतला.

लाट्याच्या मधोमध नायलॉनचं बुश असतं, ज्यात दांडा फिरतो. लाटा हातात धरून हलवला तर अगदी किंचित सैल लागावा आणि बोटाने फिरवला तर अडखळू नये. खडखड वाजला तर बुश ढिलं. पुढे हेच बुश झिजतं आणि लाटा डुगडुगायला लागतो, म्हणून सुरुवातीचा अंदाज हाताला असलेला बरा.

ड्रममध्ये मी एकच गोष्ट बारकाईने पाहिली: तळाचा दगड आणि स्टीलची भिंत जिथे मिळतात तो सांधा. बोट फिरवून पाहिलं, कुठेही फट लागली नाही. फट असेल तर त्यात वाटण शिरतं, धुऊन निघत नाही, आंबतं आणि पुढच्या पिठाला वास लावतं. स्टील चांगलं की नाही ते चुंबक लावून बघा, असं बरेच जण सांगतात. चुंबक घट्ट चिकटला तर ते भांड्यांसाठी नेहमी सांगतात ते 304 स्टील नव्हे, एवढं कळतं. पण चिकटला नाही म्हणजे ते 304च, असं मात्र नाही, कारण कमी निकेलची स्वस्त स्टीलही चुंबकाला चिकटत नाहीत. त्यावर मी फार भिस्त ठेवली नाही.

उरलेला भाग सर्व्हिसचा, आणि तो मी दुकानात जाण्याआधीच फोनवर केला होता. या यंत्रांचं माहेर कोइम्बतूर. तिथे 1955 साली पी. सभापती यांनी विजेवरचा वेट ग्राइंडर बनवला आणि पुढे तिथे त्याचा मोठा उद्योग उभा राहिला. 'कोइम्बतूर वेट ग्राइंडर' या नावाला भौगोलिक मानांकनही आहे. खोक्यावर उत्पादनाचा पत्ता बघाल तर बहुतेक वेळा तिथलाच सापडतो. याचा आपल्याला इतकाच अर्थ की नाव कितीही मोठं असलं तरी सुटा भाग लांबून यायचा असतो, आणि तो आपल्या गावात कोणी साठवून ठेवतं का हे आधी विचारायला हवं.

मी निवडलेल्या दोन कंपन्यांच्या सर्व्हिस सेंटरना फोन लावला. "सर्व्हिस मिळते का?" असं विचारलं की सगळेच हो म्हणतात. म्हणून मी मॉडेलचा नंबर सांगून विचारलं, "याचा बेल्ट, लाट्याची बुशं, स्क्रेपर आणि मोटरचा कपॅसिटर आत्ता तुमच्याकडे आहे का?" एका ठिकाणी उत्तर आलं, "मागवून देऊ, किती दिवस लागतील सांगता येणार नाही." दुसऱ्या ठिकाणी ताईंनी मला थांबायला सांगितलं, आत जाऊन बघून आल्या आणि म्हणाल्या, "बेल्ट आणि बुशं आहेत, स्क्रेपर पण आहे. कपॅसिटर बाहेर कुठल्याही मोटर वाइंडिंगवाल्याकडे मिळेल, आमच्याचकडे यायची गरज नाही." हे शेवटचं वाक्य ऐकून माझा विश्वास बसला. कोणतं यंत्र घ्यायचं ते इथे ठरलं.

त्यांना आणखी दोन गोष्टी विचारल्या. यंत्र तिकडे न्यावं लागेल की माणूस घरी येईल? बारा-तेरा किलोचं धूड रिक्षात घालून न्यायचं असेल तर छोटी दुरुस्ती लांबत जाते. आणि वॉरंटी कशाकशाची? कार्डावर मोठ्या अक्षरांत असते ती बहुतेक वेळा फक्त मोटरची, बाकी यंत्राची मुदत कमी असते. दगड फुटणं किंवा बेल्ट झिजणं त्यात धरलेलं नसतं. लाट्यांचा जोड सुटा मिळतो का, हेही विचारून ठेवावं. हातातून सिंकमध्ये पडून लाट्याचा टवका उडणं ही नेहमीची गोष्ट आहे.

बेल्टचं यंत्र घ्यायचं, हे मी आधीच ठरवलं होतं. मोटरवरून बेल्टने ड्रम फिरत असेल, तर दगड कशाने अडकले तरी बेल्ट घसरतो आणि मोटर वाचते.

घरी आणल्यावर लगेच डाळ घातली नाही. नव्या दगडावर घडाईची पूड असते. आधी दगड ब्रशने साबणाशिवाय घासून धुतले. मग दोन मुठी भिजवलेले जाडे तांदूळ आणि पाणी घालून दहा मिनिटं फिरवलं. आलेलं पाणी राखाडी होतं. ते काचेच्या पेल्यात काढून ठेवलं, तासाभराने तळाला पांढऱ्या थराखाली काळसर बारीक रेघ बसलेली स्पष्ट दिसली. ते सगळं टाकून दिलं, पुन्हा तांदूळ घातले. पेल्याच्या तळाला नुसता पांढरा थर दिसेपर्यंत आणि बोटांच्या चिमटीत कच लागायची थांबेपर्यंत हे करत राहायचं. कंटाळवाणं आहे, पण इथे घाई केली तर ती कच घरच्यांच्या दातांखाली येते.

खरं वाटण घालताना क्रम महत्त्वाचा आहे. यंत्र आधी चालू करायचं, थोडं पाणी घालायचं आणि मग मुठीमुठीने डाळ सोडायची. थांबलेल्या ड्रममध्ये सगळी डाळ भरून बटण दाबलं तर दगड रुततात आणि मोटर नुसती गुरगुरते. तसं झालंच तर क्षणात बंद करायचं, लाटे सैल करायचे, डाळ थोडी काढायची. पाणी एकदम नाही. 150 ग्रॅम डाळीला सुरुवातीला अर्धी वाटी, पुढे वाटण घट्ट होऊन लाट्यांना चिकटायला लागलं की चमचा-चमचा गार पाणी. पंचवीस मिनिटांनी त्यातलं थेंबभर वाटण पाण्याच्या वाटीत टाकून बघायचं. तरंगलं तर झालं, बुडालं तर अजून पाच मिनिटं. उगीच तासभर फिरवत ठेवू नये, वाटण कोमट व्हायला लागतं. विजेची काळजी नको. अशा यंत्राची मोटर साधारण 150 वॅटची असते, अर्ध्या तासाला युनिटचा दहावा भागही लागत नाही.

धुताना ड्रम नळाखाली बुडवायचा नाही. वाटण काढून झालं की वाटीभर पाणी घालून दोन मिनिटं फिरवायचं. ते पाणी तांदळाच्या वाटणात वापरता येतं आणि दगडही जवळपास स्वच्छ होतात. मधल्या दांड्याच्या बुडाशी पाणी साचू द्यायचं नाही, लगेच फडक्याने टिपायचं. तिथून ते खाली बेअरिंगमध्ये उतरतं, बेअरिंग गंजतं आणि ड्रम घरघरायला लागतो. लाटे उन्हात किंवा वाऱ्यावर पूर्ण वाळल्याशिवाय आत ठेवायचे नाहीत.

यंत्र नीट चालू आहे. एकदा डाळ घातल्यावर ड्रम मंदावला, मोटरचा आवाज मात्र तसाच होता आणि रबराचा जळका वास आला. खालचं झाकण उघडलं तर बेल्टच्या बाजूला काळी पूड साठलेली. बेल्ट झिजून सैल झाल्याची ही खूण. सर्व्हिस सेंटरच्या त्याच ताईंना फोन केला, मुलगा जाऊन नवा बेल्ट घेऊन आला आणि तो बसवायला स्क्रूड्रायव्हरशिवाय काही लागलं नाही. त्याच वेळी एक जादा बेल्ट आणून खोक्यात ठेवला. बेल्टचा नंबर त्याच्या पाठीवर छापलेला असतो, पण वापरात तो घासून पुसला जातो. म्हणून नवा बेल्ट बसवतानाच तो नंबर वॉरंटी कार्डाच्या मागे पेनाने लिहून ठेवला आहे.